तारेभोवतीची प्रदक्षिणा

लांब सरळ तारेतून स्थिर वीजप्रवाह वाहतो तेव्हा चुंबकीय रेषा तिच्याभोवती गोल फिरतात. मग तारेबाहेर कर्ल असणारच, असे वाटते आणि पेपरात चूक होते. कर्लचा प्रश्न एवढाच: क्षेत्र पाण्यासारखे वाहते असे मानले, तर त्यात सोडलेले इवलेसे भिरभिरे स्वतःभोवती फिरेल का?

तारेपासूनचे अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे होते, पण तेवढ्याच कोनातला कंस दुप्पट लांब होतो. दोन्ही कंसांवरचे गुणाकार सारखे, फेरीची दिशा उलट, म्हणून बेरीज शून्य. भिरभिरे प्रदक्षिणा घालते, गिरकी घेत नाही. कर्ल असतो तो तारेच्या आत, प्रवाह असतो तिथेच. डायव्हर्जन्स मात्र आतबाहेर शून्य, कारण या रेषा कुठेही उगवत नाहीत की संपत नाहीत.