ससा ठेवून गेला

फ्रेंचच्या वर्गात दरवर्षी एक दिवस येतो, ज्या दिवशी फळ्यावर एक साधं वाक्य लिहून मी मुलांना त्याचं मराठी करायला सांगते. वाक्यात कठीण शब्द एकही नसतो. ‘काल पिएरनं मला ससा ठेवला.’ ‘पोझे’ म्हणजे ठेवणं, ‘लापँ’ म्हणजे ससा. सगळ्यांना दोन्ही शब्द ठाऊक असतात. उत्तरं झरझर येतात. पिएरनं ससा भेट दिला. माझ्या ताटात सशाचं मटण वाढलं. एका मुलीनं एकदा फार विचार करून सांगितलं, की तो गावाला गेला असणार आणि ससा सांभाळायला माझ्याकडे ठेवून गेला असणार.

खरा अर्थ असा, की पिएर आलाच नाही. सहा वाजता कॅफेत भेटायचं ठरलं होतं, मी जाऊन बसले, कॉफी गार झाली आणि त्यानं साधा निरोपही धाडला नाही. कबूल करून न येणं, समोरच्याला तिष्ठत ठेवणं, म्हणजे ‘पोझे अँ लापँ’. मित्र ससा ठेवतो, प्रियकर ठेवतो, नळ दुरुस्त करायला येतो म्हणून सांगितलेला प्लंबरही ठेवतो. ससा ठेवणारा नेहमी न येणारा असतो, वाट पाहणारा नव्हे. शिकणारे इथे हमखास गोंधळतात आणि स्वतःच ताटकळलेले असताना ‘मी ससा ठेवला’ असं सांगून बसतात.

हा ससा जन्मला तेव्हा त्याचा अर्थ बराच काळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या बोलीत वेश्येकडे जाऊन तिचे पैसे बुडवून निघून जाण्याला ‘ससा ठेवणं’ म्हणत. पुढे त्यातली बुडवण्याची गोष्ट राहिली आणि पैशांची जागा शब्दानं घेतली. आज शाळकरी मुलंसुद्धा हा वाक्प्रचार बिनदिक्कत वापरतात. शब्दांचं असं धुऊन निघणं मला फार विलक्षण वाटतं.

ज्याला ससा ठेवला गेला, तो काय करतो? तो ‘क्रौंचाचा पाय करतो’. क्रौंच पक्षी दलदलीत एका पायावर तासन्‌तास उभा राहतो, म्हणून कोणाची तरी वाट पाहत उभ्या उभ्या पायांचे तुकडे पडणं म्हणजे फ्रेंचमध्ये क्रौंचाचा पाय करणं. त्यासाठीचा ‘ग्र्यू’ हा शब्द बांधकामावरच्या क्रेनलाही चालतो, त्यामुळे शब्दकोश उघडून बसलेला विद्यार्थी ‘क्रेनचा पाय’ लिहितो आणि पुढे अडतो. मराठी माणसाला तर आणखी एक चकवा आहे. आपणही एका पायावर उभे राहतोच, पण उत्साहानं: ‘गोव्याला जायचं म्हटलं की तो एका पायावर तयार!’ तोच एक पाय, पण आपल्याकडे तो निघायला उतावीळ आहे आणि फ्रेंचमध्ये कंटाळून अवघडलेला. अवयव ओळखीचा दिसला की अर्थही ओळखीचाच असेल असं धरून चालणं, ही अशा भाषांतरातली सर्वांत मोठी चूक.

उलटही घडतं. प्राणी अगदी वेगळा, आणि अर्थ मात्र आपल्या घरातलाच. फ्रेंच माणसाला संशय आला, की त्याच्या ‘कानात पिसू’ शिरते. नवरा तिसऱ्यांदा उशिरा आला, हिशेबाच्या दोन आकड्यांत मेळ बसेना, बोलता बोलता कोणी मध्येच गप्प झालं. त्या एवढ्याशा गोष्टीनं कानात पिसू सोडली. हे वाक्य ऐकल्यावर मराठी मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. कोणीतरी लगेच म्हणतं, ‘म्हणजे मनात शंकेची पाल चुकचुकली!’ अगदी तेच. दोन्हीकडे घरात वावरणारा क्षुद्र जीव, दोन्हीकडे धड दिसत नाही पण स्वस्थही बसू देत नाही अशी चाहूल. पाल भिंतीवरून बोलते, पिसू कानातच वळवळते, एवढाच फरक. अशा ठिकाणी भाषांतरकारानं पिसूला खुशाल सोडून द्यावं आणि पालीला बोलवावं. मूळ लेखकावर त्यात काही अन्याय होत नाही.

पण पुस्तक जुनं असेल तर सावध राहायला हवं. मध्ययुगात आणि पुढेही बराच काळ कानातली ही पिसू संशयाची नव्हती, प्रेमाची होती. कोणाच्या तरी ओढीनं जीव बेचैन होणं, रात्री डोळ्याला डोळा न लागणं, असा तिचा अर्थ होता. बेचैनी तेवढी टिकली आणि तिचं कारण बदललं. जॉर्ज फेदो या नाटककारानं 1907 साली आपल्या गाजलेल्या प्रहसनाला ‘कानात पिसू’ हेच नाव दिलं, तेव्हा अर्थ पक्का संशयाचा झाला होता. त्या नाटकात बायकोला नवऱ्याचा संशय येतो आणि तिथून सगळा गोंधळ सुरू होतो. सतराव्या शतकातल्या पुस्तकात एखाद्या तरुण मुलीच्या कानात पिसू भेटली, तर मात्र तिथे पालीला बोलावून चालणार नाही.

प्राणीच बदलून गेल्याचंही एक सुंदर उदाहरण आहे, आणि त्याचा माग एका पत्रापर्यंत काढता येतो. फ्रेंच मुलं कोडी घालतात. समोरच्याला उत्तर सुचेना, की विचारतात, ‘जीभ मांजराला देतोस?’ आपली मुलं अशा वेळी ‘हरलास?’ म्हणतात, तसंच. देतो म्हटलं की उत्तर सांगायचं. ज्याला बोलण्यासारखं काही उरलं नाही त्याला जिभेचा तरी काय उपयोग, मग खाऊ दे मांजराला!

मादाम द सेव्हिन्ये या बाईंची पत्रं फ्रेंच साहित्याचा ठेवा मानली जातात. 15 डिसेंबर 1670 रोजी त्यांनी आपल्या एका नातलगाला लिहिलेल्या पत्रात हाच खेळ मांडला आहे. राजधानीत अशी एक बातमी फुटली होती, की कोणाचा विश्वासच बसू नये. बाई ती चटकन सांगत नाहीत. आश्चर्यकारक, अद्भुत, न भूतो अशी विशेषणं एकावर एक रचत जातात, मग म्हणतात, लग्न आहे, ओळखा कोणाचं, आणि पुढे विचारतात, की जीभ कुत्र्यांना टाकता का? होय, कुत्र्यांना. तेव्हा जीभ ‘टाकायची’ असे, आणि तीही कुत्र्यांपुढे, जेवण झाल्यावर हाडं टाकावीत तशी. चौदाव्या लुईची श्रीमंत चुलत बहीण लोझँ नावाच्या एका दरबाऱ्याशी लग्न करणार, ही ती बातमी होती. राजानं ते लग्न काही दिवसांतच मोडलं. पण पत्र राहिलं, आणि त्यामुळे आपल्याला पक्कं कळतं, की तेव्हा जीभ कुत्र्यांच्या वाट्याची होती. पुढे कुत्र्यांची जागा मांजरानं घेतली आणि ‘टाकणं’ जाऊन ‘देणं’ आलं. त्या एका क्रियापदानं केवढा फरक पडला पाहा. टाकण्यात वैताग आहे, देण्यात लाड आहेत. म्हणूनच आज ते मुलांच्या तोंडी शोभतं.

आता दातांकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त फसवतात ते दात. फ्रेंचमध्ये कोणाविरुद्ध ‘एक दात असणं’ म्हणजे त्याच्याबद्दल मनात अढी असणं, डूख धरणं. मराठीत आपण एखाद्यावर दात धरतोच. जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो, आणि एवढं जुळल्यावर विद्यार्थी निर्धास्त होतो. मग पुढच्या पानावर येतं, की एका तरुण पुढाऱ्याचे ‘दात लांब आहेत’. निर्धास्त विद्यार्थी लिहितो, तो फार खुनशी आहे. चूक. तो महत्त्वाकांक्षी आहे, त्याला वर चढायची घाई आहे. पूर्वी लांब दात भुकेल्या माणसाचे असत. पोटाची भूक जाऊन पुढे पदाची भूक आली. मराठीत हे काम डोळा करतो: त्याचा मंत्रिपदावर डोळा आहे. तिसऱ्या पानावर एका समीक्षकाचा ‘दात कठीण’ असतो, म्हणजे तो टीका करताना कोणाची भीड ठेवत नाही. आपण त्याची जीभ तिखट आहे म्हणू. आणि घरी येता येता मुलगा नुसतंच म्हणाला, ‘मला दात आहे’, तर त्याला जेवायला वाढावं, कारण पोटात कावळे कोकलत आहेत.

ओळखायचं कसं? दाताकडे नव्हे, त्याच्या आजूबाजूच्या चिमुकल्या शब्दांकडे पाहायचं. ‘एक’ दात आणि पाठोपाठ ‘विरुद्ध’ आलं तर अढी. अनेक दात आणि ‘लांब’ असेल तर महत्त्वाकांक्षा. एकच दात, मागे निश्चित उपपद आणि पुढे काहीच नाही, तर भूक. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे आपली नजर त्या शब्दांवरून सहज घसरते, आणि अर्थ तर नेमका तिथेच बसलेला असतो.

एक वाक्प्रचार मी वर्गात नेहमी शेवटी ठेवते, कारण त्याच्या पोटात अख्खं नाटक आहे. चर्चा भरकटली की फ्रेंच माणूस म्हणतो, ‘चला, आपल्या मेंढ्यांकडे परत येऊ.’ म्हणजे मूळ मुद्द्यावर येऊ. या मेंढ्या पंधराव्या शतकातल्या ‘पातलँ वकिलाचं प्रहसन’ या नाटकातल्या. ते कोणी लिहिलं हे नोंदलेलं नाही.

पातलँ हा कफल्लक वकील. तो एका कापडवाल्याची गोड गोड स्तुती करून सहा ‘ओन’, म्हणजे सुमारे सात मीटर, कापड उधार उचलतो आणि पैसे घ्यायला घरी ये, हंसाचं मटणही खाऊन जा, असं आमंत्रण देतो. कापडवाला घरी येतो तर वकील अंथरुणात. बायको डोळ्यांत पाणी आणून सांगते, हे तर कित्येक आठवडे उठलेलेच नाहीत, कापड कुठून आणतील? तेवढ्यात पातलँ वातात बरळायला लागतो, एकामागून एक निरनिराळ्या बोलींत. कापडवाला घाबरून पळतो.

त्याच कापडवाल्याचा धनगर त्याच्या मेंढ्या मारून खात असतो आणि रोगानं मेल्या म्हणून सांगत असतो. खटला उभा राहतो. धनगर नेमका पातलँलाच वकील करतो. पातलँ त्याला एकच गोष्ट पढवतो: न्यायाधीशानं काहीही विचारलं तरी फक्त ‘बॅऽऽ’ म्हणायचं. कोर्टात कापडवाला उभा राहतो आणि समोर पाहतो तर वातात बरळणारा तो आजारी ठणठणीत उभा! त्याचं डोकं फिरतं. मेंढ्यांबद्दल सांगता सांगता तो कापडावर घसरतो, कापडावरून पुन्हा मेंढ्यांवर येतो, मेंढ्यांचा हिशेब सहा ओनांत सांगतो. न्यायाधीशाला काही उमगत नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा बजावतो, की या मेंढ्यांकडे परत या. लोकांच्या तोंडी ‘या मेंढ्या’ पुढे ‘आपल्या मेंढ्या’ झाल्या, आणि सोळाव्या शतकात राबलेनंही त्यांना आपल्या लेखनात घेतलं.

धनगर ‘बॅऽऽ’खेरीज काही बोलत नाही. हा तर वेडा आहे, असं ठरवून न्यायाधीश त्याला सोडून देतो. बाहेर आल्यावर पातलँ खुशीत आपली फी मागतो. धनगर त्याच्याकडे पाहतो आणि म्हणतो, ‘बॅऽऽ’.