नखुरडं पिकतं तेव्हा

बोरिवलीहून सकाळच्या लोकलने अंधेरीला कामावर जाणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. गर्दीत उभं असताना नखाशेजारी निघालेलं कातडीचं सालपट दातांनी ओढायची त्याला सवय आहे. सोमवारी असं ओढताना थोडं रक्त आलं. मंगळवारी संध्याकाळी नखाची एक कड लालसर झाली आणि बोट कुठे लागलं की हुळहुळू लागलं. बुधवारी कड फुगली, टाइप करताना कळ येऊ लागली. गुरुवारी रात्री ठणक्याने झोप मोडली. घरात आजीने एका नजरेत सांगितलं, 'नखुरडं झालंय.'

नख तीन बाजूंनी कातडीच्या घडीत बसलेलं असतं. मुळाशी एक पातळ पापुद्रा नखाला चिकटून राहतो आणि पाणी, मळ, जंतू यांना आत जाऊ देत नाही. सालपट ओढलं, पार्लरमध्ये तो पापुद्रा कापला किंवा नख फार खोलवर कापलं की ही जागा उघडी पडते. आपल्या कातडीवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू बहुतेक वेळा तिथून आत शिरतो. दातांनी कुरतडणाऱ्यांच्या बोटात त्याच्या जोडीला तोंडातले जंतूही जातात. यांपैकी काहींवर स्टॅफिलोकोकससाठी नेहमी दिली जाणारी अँटिबायोटिक्स नीट चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी 'नखं खाता का?' असं विचारलं तर लाजून नाही म्हणू नये, औषधाची निवड त्या उत्तरावर ठरते. अंगठा चोखणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे.

मंगळवार-बुधवार हे शेकण्याचे दिवस. सोसवेल इतक्या कोमट-गरम पाण्यात बोट दहा ते पंधरा मिनिटं बुडवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी निवलं की पुन्हा गरम घालायचं. ऑफिसच्या पॅन्ट्रीतला पेलाही चालतो, मात्र मशीनचं पाणी जवळजवळ उकळतं असतं, त्यात साधं पाणी मिसळून दुसऱ्या हाताच्या बोटाने अंदाज घ्यायचा. मधुमेहामुळे बोटं बधिर झालेल्यांनी पाण्याची परीक्षा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी, कारण भाजल्याचं त्यांना कळत नाही. मीठ घातलं तरी चालतं, पण काम करते ती ऊब. तिच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे जास्त पोचतात आणि ताणलेली घडी मऊ पडते. आत थेंबभर पू धरला असेल तर तो कधी कधी नखाच्या कडेने आपणहून वाट काढतो. नंतर बोट अगदी कोरडं करायचं, ओलं ठेवायचं नाही. एवढ्याने दोन दिवसांत ठणका उतरू लागला तर पुढे काही करावं लागत नाही.

आता लिंबाबद्दल. लिंबाला भोक पाडून ते बोटावर चढवण्याचा उपाय आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लिंबाला ऊब नसते आणि आंबट रस फाटलेल्या कातडीला झोंबतो. रात्रभर ठेवलं तर कातडी पांढरी, लिबलिबीत होते. मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच कारणाने: बोट झाकलेलं राहतं. नखुरड्यात रोज पाहायची गोष्ट म्हणजे पू धरला की नाही, आणि नेमकी तीच लिंबाखाली दडते.

पू धरल्याची खूण अशी. कडेला पिवळट-पांढरा ठिपका दिसतो किंवा दाबल्यावर ती जागा मऊ, आत पाणी असल्यासारखी लागते. शंका असेल तर बोटाच्या पेराचा पुढचा, गुबगुबीत भाग हलकेच दाबायचा. पू असेल तर सुजलेल्या कडेवर ठळक सीमेचा फिकट डाग उमटतो, नुसती सूज असेल तर असा रेखीव डाग येत नाही. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा काळसर दिसते, म्हणून रंगापेक्षा ताण, ऊब आणि ठणका यांवर जास्त भरवसा ठेवावा.

आपल्या तरुणाच्या बोटावर शुक्रवारी सकाळी असा डाग उमटला. आता नुसत्या शेकण्याने भागणार नाही, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांनीही नाही. पुवाच्या बंद पिशवीच्या आत रक्त खेळत नाही, त्यामुळे रक्तातून येणारं औषध तिथे पुरेसं पोचत नाही. पू बाहेर काढणं हाच उपचार.

या टप्प्यावर लोक टाळाटाळ करतात ती 'बोट कापतील' या धास्तीने. बहुतेक नखुरड्यांत कातडी कापावीच लागत नाही. डॉक्टर बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना इंजेक्शन देऊन बोट बधिर करतात. ते टोचताना दुखतं, पण काही मिनिटांत बोट सुन्न होतं. मग एक चपटं, पातळ हत्यार नखाला समांतर धरून नख आणि कडेची घडी यांच्यामध्ये सरकवतात आणि घडी उचलतात. पू तिथूनच बाहेर येतो. टाका लागत नाही आणि ताण सुटल्याने ठणका बहुधा लगेच उतरतो. पू नखाखाली शिरला असेल तर मात्र नखाची एक बाजू काढावी लागते. नख पुन्हा येतं, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर या गतीने, म्हणजे पूर्ण नखाला सहा महिने धरा. नंतर काही दिवस तेच शेकणं चालू ठेवायचं, म्हणजे घडी लवकर मिटून पू पुन्हा कोंडत नाही. निचरा नीट झाला आणि प्रकृती धडधाकट असली तर अँटिबायोटिक बहुतेकदा लागतही नाही. मधुमेह असेल किंवा लाली बोटावर पुढे पसरत असेल तर लागतं.

हे काम छोटं आहे. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर अशा पालिका रुग्णालयांच्या सर्जरी विभागात ते होण्यासारखं आहे. घरी सेफ्टी पिनने टोचू नये. पिन जंतूंना आणखी खोल ढकलते आणि नखाच्या मुळाला इजा झाली तर पुढचं नख कायमचं खाचेचं येऊ शकतं.

एक प्रकार मात्र अजिबात फोडायचा नसतो. बोटावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका आला आणि सुजेच्या मानाने आग फार जास्त असेल, तर तो हर्पीस विषाणूचा असू शकतो. ओठांवर तसे फोड असताना नखं खाल्ली तर तो बोटावर उतरतो. तो फोडल्याने फायदा नाही, उलट वर जंतुसंसर्ग होण्याची भीती. डॉक्टरांना फोड आणि ओठ दोन्ही दाखवावेत.

आणि मच्छी साफ करणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांची बोटं महिनोन् महिने कडेला सुजलेली राहतात, तो आजार वेगळा. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या या सुजेत पापुद्रा नाहीसा होतो आणि साबण-पाणी सतत आत मुरतं. तिथे शेकणं म्हणजे आणखी पाणी. आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालणं आणि डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं मलम, असा त्याचा उपचार असतो.

रात्रीच इस्पितळ गाठायचं ते दोन प्रसंगी. बोटाचं पेर पुढून घट्ट, दगडासारखं फुगून ठणकत असेल तर पू पेरात शिरलेला असतो आणि हाडापर्यंत जाऊ शकतो. आणि सगळं बोट सुजून किंचित वाकलेलं राहिलं, ते दुसऱ्याने सरळ करू जाताच कळ मस्तकात गेली, तर पू स्नायुबंधाच्या नळीत पोचलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जावं.