वेलांटी सरकली की 'आपत्ति'चे 'आपित्त' होते

इंदुरात दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांत एक प्रसंग हमखास येतो. जुना वाडा इथे असतो, वारस मात्र सातारा, पुणे, नागपूर असे पांगलेले. मग एखाद्या दिवशी नगरसंस्थेची हिंदी नोटीस निघते आणि ती मराठीत करून धाडण्याचे काम इथे राहिलेल्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. या खेपेस ते माझ्या गळ्यात पडले. साताऱ्याच्या मावशींच्या माहेरच्या वाड्यावर दुसऱ्याच कुणाचे नाव चढवण्याचा अर्ज झाला होता. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती मुदतीत कळवावी, अशी ती नोटीस होती. दोन पानांची पीडीएफ मोबाइलवर आली. मावशींचे वकील मराठीत काम करणारे. त्यांना शब्दशः भाषांतर हवे होते आणि तेही लवकर.

सोपी वाट म्हणजे मजकूर उचलायचा, दुसऱ्या कागदावर डकवायचा आणि भाषांतर सुरू करायचे. पहिले पान तसे उचलले. पडद्यावर 'कार्यालय' स्वच्छ दिसत होते, पण डकवल्यावर त्याचे 'कायार्लय' झाले. 'वर्ष'चे 'वषर्' झाले, 'दिनांक'चे 'िदनांक'. डोळ्यांना दिसते एक आणि हाती येते दुसरे, असे का व्हावे?

कारण साधे आहे. आपण 'दि' लिहिताना वेलांटी द-च्या आधी काढतो, पण उच्चारात ती नंतर येते. युनिकोड या संगणकाच्या लिपिसंकेतात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतात, म्हणजे आधी द आणि मग वेलांटी. पीडीएफमध्ये मात्र मुळात अक्षरांचे आकार कोठे काढायचे एवढेच नोंदलेले असते, आणि ते डावीकडून उजवीकडे. आकारावरून मूळ अक्षर ओळखण्याचा तक्ता फाइलीत नीट नसला, तर मजकूर चित्राच्या क्रमाने बाहेर पडतो. वेलांटी एक घर आधी येते. रफार अक्षराच्या डोक्यावर, उजव्या अंगाला बसतो, म्हणून तो काना-मात्रा संपल्यावर येतो आणि पुढच्या अक्षराला चिकटतो. 'कार्यालय'मधला रफार य-वरून ल-वर गेला तो असा.

शब्दाच्या आरंभी सुटी वेलांटी कधीच येत नाही. संगणक अशा वेलांटीखाली बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ काढतो, त्यामुळे 'िदनांक' लगेच सापडतो. 'अिधकारी'ही सापडतो, कारण 'अ' या स्वराला वेलांटी लागत नाही. खरा धोका आहे तो सभ्य दिसणाऱ्या शब्दांत. 'समिति'तल्या दोन्ही वेलांट्या एकेक घर मागे सरकल्या की 'सिमित' होते. वर्तुळ नाही, काही नाही. वाचणाऱ्याला वाटते, 'सीमित' लिहायचे असेल, आणि तो मोठ्या मनाने तशी दुरुस्ती करून टाकतो. 'अवधि'चे 'अविध' होते. आणि ज्या शब्दावर मावशींचा सारा हक्क टांगलेला होता त्या 'आपत्ति'चे 'आपित्त' झाले होते. पित्त उठायचेच ते!

संगणकाला 'प्रत्येक वेलांटी पुढच्या अक्षरामागे ने' असे एकदम सांगता येते. पण तसे सांगण्यापूर्वी सारा मजकूर एकाच रीतीने बिघडला आहे ना, हे पाहावे लागते. या पानावर मथळा निराळ्या टंकात होता आणि तो शाबूत उतरला होता. सरसकट आज्ञा दिली असती तर तिथल्या चांगल्या 'नियम'चे 'नयिम' झाले असते. म्हणून मथळा वगळून खालच्या मजकुराला ती आज्ञा दिली. जोडाक्षर एकच अक्षर धरावे लागते, हेही ध्यानात ठेवायचे. 'आपित्त'मधली वेलांटी अख्ख्या 'त्त'पलीकडे न्यायची, निम्म्यात सोडायची नाही. रफार मात्र एकेक करून हाताने मागे नेले.

दुसरे पान कागदाचा फोटो होता. तिथे अक्षरे ओळखणारे यंत्र आकारावरून अंदाज बांधते, म्हणून चुकांची जात बदलते. क्रम बरोबर राहतो, पण रूपे फसतात: भ-चा म, ध-चा घ, ब-चा व. 'विरुद्ध'चे 'विरुद्व' झाले होते. असा शब्दच नसल्यामुळे ते चटकन पकडले. 'गृह कर' मात्र 'ग्रह कर' होऊन आला होता. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शब्द तपासणारे यंत्र गप्प. आकाशातल्या ग्रहांवर अजून कुणी पट्टी बसवलेली नाही, म्हणून मला थांबता आले. त्याहून वाईट म्हणजे 'दिवस के बाद'चे 'दिवस के वाद' झालेले. हिंदीत वाद म्हणजे दावाही होतो आणि नोटिशीत दाव्याचा उल्लेख शोभूनही दिसतो. इथे व्याकरण कामी आले. 'दिवस के' यानंतर 'बाद' बसतो, 'वाद' बसत नाही.

यासाठी माझा एक हट्ट आहे: मजकूर आधी हिंदी म्हणूनच शुद्ध करायचा, मराठीला तोवर हात लावायचा नाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून आपण समिती, अवधी, संपत्ती असे शेवट दीर्घ लिहितो. हिंदीत ते ऱ्हस्व आहेत, आणि सरकते ती नेमकी हीच शेवटची ऱ्हस्व वेलांटी. मराठी कान मध्येच दुरुस्ती करू लागला की मूळ कागदावर काय होते याचा मागच राहत नाही.

आता मुदत. यंत्राने वाचले होते, '९५ दिवस'. वकिलांना हे कळले असते तर त्यांनी निवांत तीन महिने धरले असते. पण पहिल्या पानावर, जिथे आकडे टंकलेले होते, नोटिशीची तारीख १० आणि सुनावणीची त्याच महिन्याची २८ होती. सुनावणी अठराव्या दिवशी आणि हरकतीला पंच्याण्णव दिवस, हे जुळेना. फोटो मोठा करून पाहिला. शिक्क्याची शाई एक-च्या अंगावर आली होती, म्हणून १ हा ९ भासत होता. मुदत पंधरा दिवसांची होती आणि त्यांतले सहा सरले होते.

घरक्रमांकाला असा आधार नव्हता. यंत्राने ३९ म्हटले होते आणि फोटोत ३१ही वाचता येत होते. आकड्याला व्याकरण नसते आणि मागचा-पुढचा संदर्भही नव्हता. शेवटी मावशींना जुनी घरपट्टीची पावती काढायला सांगितले. ट्रंकेतून निघाली. क्रमांक ३१.

मग भाषांतराला बसलो, आणि ते तासाभरात झाले. 'आपत्ति'ची हरकत केली, कारण मराठीत आपत्ती म्हणजे संकट. 'राशि'ची रक्कम केली, 'संपत्ति'ची मिळकत, 'गृह कर'ची घरपट्टी. मुदत आकड्यात लिहिली आणि तिच्याशेजारी अक्षरी 'पंधरा' लिहिले. घरक्रमांकाखाली टीप दिली की फोटोत हा अंक पुसट आहे, पावतीवरून घेतला आहे. वकिलांनी आठव्या दिवशी हरकत टपालाने रवाना केली.