शनिवार-रविवारच्या स्पर्धेसाठी मैदान मागताना

क्रीडामंडळाचा सचिव महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे मैदानासाठी जो अर्ज करतो, त्याचा साचा ठरलेलाच असतो. वर ‘प्रति, सहाय्यक आयुक्त’, खाली एका ओळीचा विषय, शेवटी सही आणि मंडळाचा शिक्का. अर्ज अडतो तो बहुधा मधल्या मजकुरात, तारखा आणि वेळा लिहिताना.

समजा, एका मंडळाला मातीच्या एकाच क्रीडांगणावर सोळा संघांची पुरुष कबड्डी स्पर्धा बाद पद्धतीने घ्यायची आहे. हरलेला संघ बाद होत असल्याने सामने पंधरा होतात. वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधली पाच मिनिटांची विश्रांती मिळून एक सामना पाऊण तासाचा. संघांची अदलाबदल आणि खोळंबा धरला की प्रत्येक सामन्याला तास लागतो. पहिल्या फेरीचे आठ सामने शनिवारी दुपारी दोनला सुरू झाले, तर रात्री दहापर्यंत कसेबसे संपतात. दहा ही वेळ महत्त्वाची, कारण ध्वनिप्रदूषण नियमांनुसार त्यानंतर मैदानात ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रविवारी सातच सामने उरतात. पण उपांत्य फेरी जिंकून आलेल्या संघाला अंतिम सामन्याआधी दम खायला वेळ हवा आणि बक्षीस समारंभही आहे. म्हणून सुरुवात दुपारी एकला.

अर्जात एवढेच लिहिले तर तो अपुरा राहतो. क्रीडांगण आखणे, खांब रोवणे, मंडप घालणे ही कामे शुक्रवारीच करावी लागतात. मंडप निघायला आणि खड्डे बुजवायला सोमवारची सकाळ उजाडते. तेव्हा ‘सामने शनिवार व रविवार, मैदानाचा ताबा शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार’ असे स्पष्ट लिहिलेले बरे. भाडे त्यामुळे वाढू शकते, पण ते टाळायला गेल्यास शुक्रवारी रात्री मैदानाला कुलूप आणि बाहेर मंडपवाल्याचा टेम्पो, असा प्रसंग ओढवतो. सुट्टीच्या दिवशी दाद मागायला कार्यालयही उघडे नसते.

मंडपाचे माप, खांबांसाठी किती खड्डे खणणार, प्रेक्षक किती येतील, वीज कुठून घेणार, हे अंदाजाने का होईना, पण आकड्यांत द्यावे. मैदानाचा साधा नकाशा जोडला की निम्मे प्रश्न मिटतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून वेगळी काढावी लागते. मैदान मिळाले म्हणजे तीही मिळाली, असे नाही. शंभर मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल, तर ती जागा शांतता क्षेत्रात येण्याची शक्यता आधीच तपासावी.

अर्जाच्या दोन प्रती नेऊन एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ही पोच म्हणजे परवानगी नव्हे. ती भाडे व अनामत भरल्यावर लेखी मिळते. सोमवारी मैदान परत देताना बुजवलेल्या खड्ड्यांची छायाचित्रे काढून ठेवली, तर अनामत परत मागण्याच्या अर्जाला ती जोडता येतात.