सिंहगडावर सहा जण

ऑफिसातली मुलगी आवडली म्हणून थेट "कॉफीला येतेस का?" असं विचारलं, की तिला लगेच काहीतरी उत्तर द्यावं लागतं. नाही म्हणाली, तरी सोमवारी शेजारच्याच टेबलावर बसायचं असतं. मुलीने मुलाला विचारलं तरी पंचाईत तीच. मग पुण्यात रविवारचा सिंहगड ठरतो.

आतकरवाडीकडून तास-दीड तासाची चढण. वाट अरुंद, त्यामुळे माणसं आपोआप दोन-दोन होतात, दम लागला की थांबतात आणि जोड्या बदलतात. गप्पा रंगल्या तर बरोबर चालत राहायचं. नकोसं वाटलं तर बुटाची नाडी बांधायला खाली बसायचं आणि मागून येणाऱ्यांत मिसळायचं. कुणाला काही सांगावं लागत नाही. सिनेमाला गेलात तर अंधारात त्याच खुर्चीत अडीच तास काढावे लागतात.

माणसं पाच-सहा असावीत. चौघे असले आणि त्यात एक जोडपं असलं, तर उरलेल्या दोघांची न मागता जोडी लागते. तिची एखादी मैत्रीण हवीच, म्हणजे परतीची सोबतही तिची तिला असते.

बिघडतं ते बहुधा मित्रांमुळे. सगळ्यांना ठाऊक असतं, मग वर पिठलं-भाकरीला बसताना त्याच्या शेजारचीच जागा रिकामी ठेवतात, नाहीतर निम्म्या वाटेवर चौघांना एकदम काम आठवतं. मुलीच्या हे क्षणात लक्षात येतं आणि आपल्याला फसवून आणलं असं तिला वाटतं. ते रास्तच आहे. म्हणून मनातली गोष्ट फक्त एकालाच सांगावी, आणि तीही दोघांना ओळखणाऱ्या मैत्रिणीला.

त्या मैत्रिणीने "त्याला तू आवडतेस" असं सांगू नये, कारण मग एकाऐवजी दोघांना उत्तर द्यायची वेळ येते. "रविवारी सिंहगड, आम्ही अमुक अमुक आहोत, येतेस?" एवढंच विचारावं, पण त्या नावांत त्याचं नाव लपवू नये.

पुढचा प्रश्न मात्र ज्याचा त्यानेच विचारायचा. नाहीतर चार किल्ले होतात आणि गाडी तिथेच राहते. एक-दोन भेटींनंतर असा मेसेज पुरतो: "तू म्हणत होतीस त्या नाटकाला शनिवारी जाऊया? आपण दोघंच. नसेल जमत तरी हरकत नाही." यातलं 'दोघंच' गाळू नये. ते गाळलं तर ती मैत्रिणीला घेऊन येईल, आणि चूक तिची नसेल.

"शनिवारी नाही, रविवारी चालेल" हा होकार. "बघू", "सगळेच जाऊया ना" याला नकार समजावा आणि पुन्हा विचारू नये, मैत्रिणीकरवीही नाही. पुढच्या ट्रेकचा निरोप मात्र ग्रुपवर नेहमीसारखाच टाकावा. यायचं की नाही, ते ती ठरवेल.