पैसे गेले, निरोप हरवला

समजा, जुलै महिन्यातील एक पावसाळी संध्याकाळ आहे. आचऱ्यातील एक विद्यार्थी पुण्याच्या एका दुकानातून संगणकावरून ६४० रुपयांची पुस्तके मागवीत आहे. त्याचे वडील नेट बँकिंगने पैसे भरत आहेत. मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी बँकेच्या पानावर लिहिला, बटण दाबले, आणि त्याच क्षणी वीज गेली. दुकानाच्या पानावर परत जाण्याआधीच सारे काही नाहीसे झाले. आता पैसे गेले की राहिले?

हे समजण्यासाठी पडद्यामागे काय घडते ते पाहू. प्रथम दुकानाचा संगणक मागणी नोंदवून तिला एक क्रमांक देतो. तो १०४७ आहे असे धरू. त्यापुढे 'पैसे येणे बाकी' असा शेरा पडतो. मग आपला ब्राउझर पेमेंट गेटवे नावाच्या मध्यस्थामार्फत बँकेच्या पानावर जातो. बँक ओळख पटवून खात्यातून पैसे वजा करते. शेवटी 'मागणी १०४७, रुपये ६४०, मिळाले' असा निरोप देऊन ती ब्राउझरला परत पाठवते. म्हणजे निरोप्या आपलाच संगणक असतो! वीज गेली की हा निरोप्या वाटेतच थांबतो.

परंतु पैसे वजा करण्याचे काम दूरच्या बँकेच्या संगणकात होते. आचऱ्यातील वीज गेल्याने ते थांबत नाही. म्हणून दोन शक्यता उरतात. बटण दाबल्याचा संकेत बँकेपर्यंत पोचलाच नसेल, तर पैसे खात्यातच आहेत. तो पोचला असेल, तर पैसे वजा झाले आहेत आणि फक्त परतीचा निरोप हरवला आहे. आपल्यापुढचा पडदा दोन्ही वेळी सारखाच काळा! तेव्हा पडद्यावरून निर्णय करता येत नाही. तो खात्यातील नोंदीवरूनच करावा लागतो.

पूर्वी मनिऑर्डर केली की पैसे घेणाऱ्याच्या सहीची पोचपावती टपालाने परत येत असे. पावती आली नाही, तर पैसे पोचले नाहीत असे म्हणता येईल का? नाही. कदाचित पावतीच हरवली असेल. बरे, पावती मिळाल्याची पावती मागितली तर? तीही हरवू शकते. ही साखळी कुठेच संपत नाही. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवर कितीही निरोप पाठवले, तरी दोन्ही टोकांची पूर्ण खात्री होत नाही, हे संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये या कोड्याला 'दोन सेनापतींचा प्रश्न' असे नाव दिले.

मग व्यवहार चालतात कसे? खात्री होत नसली, तरी पुन्हा विचारता येते. निरोप आला नाही की गेटवेचा संगणक ब्राउझरला बाजूला ठेवून थेट बँकेच्या संगणकाला विचारतो, "१०४७ चे काय झाले?" हा प्रश्न दहादा विचारला तरी पैसे दहादा कापले जात नाहीत, कारण त्यात फक्त चौकशी आहे. शिवाय बँकेची यादी आणि गेटवेची यादी नंतर ओळीने ताडून पाहिली जाते. तिथे १०४७ सापडला की शेरा बदलतो. दरम्यान दुकानाने मागणी रद्द केली असेल, तर पैसे परत करावे लागतात.

निरोप आला, तरी दुकान त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. निरोप्या गिऱ्हाइकाचाच संगणक असल्याने कोणी लबाड 'पैसे मिळाले' असे स्वतःच लिहून पाठवील. म्हणून निरोपावर गणिती मोहोर असते. रकमेचा एक आकडा बदलला तरी ती मोहोर जुळत नाही.

आता सर्वांत मोठा धोका पाहा. वीज आल्यावर घाईने पुन्हा पैसे भरले, तर दुकान नवा क्रमांक देईल, समजा १०५२. बँकेच्या दृष्टीने तो निराळा व्यवहार आहे, आणि ६४० रुपये दुसऱ्यांदा जातील. म्हणून आधी बँकेचे खाते उघडून नोंद पाहावी. पैसे वजा झाले असतील, तर बँकेचा संदर्भ क्रमांक, तारीख आणि दुकानाचा मागणी क्रमांक टिपून ठेवावा. नोंद दिसली नाही, तरी थोड्या वेळाने पुन्हा पाहून मगच दुसरा प्रयत्न करावा.

प्रश्न सुटला नाही, तर हे तीन तपशील देऊन दुकानाकडे व बँकेकडे लेखी तक्रार करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र ओटीपी किंवा पासवर्ड कोणत्याही चौकशीसाठी लागत नाही. तो मागणारा माणूस तुमच्या हरवलेल्या निरोपाच्या शोधात नसतो, हे नक्की समजा.