शंभर किलोंच्या वर

आमच्या हॉटेलात जेवणाची नव्वद माणसांची बैठक आहे आणि वर राहायच्या बावीस खोल्या आहेत. वडिलांनी सुरू केलेल्या या धंद्यात मी अनेक अर्ज केले. परवान्याचे, नळजोडाचे, पाटी मोठी करण्याचे. पण ज्या अर्जापायी मला दोन महिने तराजू, टोपली आणि पहार घेऊन मागच्या अंगणात उभं राहावं लागलं, असा अर्ज एकच. २०२३च्या डिसेंबरात मी तो आमच्या महापालिकेला दिला. विषय होता, ‘बल्क वेस्ट जनरेटर’ म्हणून नोंदणी करून मिळणे व ओल्या कचऱ्याचे आवारातच खत करण्याच्या आराखड्यास मान्यता मिळणे.

खरं म्हणजे हा दुसरा अर्ज. पहिला एका पानाचा होता आणि आठ दिवसांत ‘तपशील अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. तेव्हा मला राग आला होता. आता तो कागद पुन्हा वाचतो तेव्हा शेरा सौम्यच वाटतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी आले. ज्यांचा कचरा सरासरी दिवसाला १०० किलोंहून अधिक, ते मोठे कचरा-उत्पादक, अशी त्यांत व्याख्या होती. हॉटेलांसाठी वेगळं कलमच होतं. कचरा मुळातच वेगळा करायचा, कुजणारा भाग शक्य तितका आवारातच खत किंवा बायोगॅस करून जिरवायचा आणि उरलेला महापालिका सांगेल त्याच्या हाती द्यायचा. या व्याख्येत दोन शब्द होते, त्यांवरून लोक सहज घसरून जात. एक ‘कचरा’, म्हणजे फक्त ओला नव्हे, सगळा. आणि दुसरा ‘सरासरी’.

पहिल्या अर्जात मी ‘अंदाजे १४० किलो’ असं लिहिलं होतं. तो आकडा आला होता बादल्या मोजून. बादली वीस किलोंची धरली आणि सात बादल्या होतात म्हणून एकशे चाळीस. दुसऱ्या वेळी मात्र पोत्यांचा काटा आणला आणि सोमवार ते रविवार प्रत्येक बादली तोलली. वजनं आली १०४, ९६, १०१, ११२, १२१, १६८ आणि १८७ किलो. बेरीज ८८९, म्हणजे दिवसाला १२७.

आमच्या व्यवस्थापकांची नजर मंगळवारवर गेली. “शेठ, शहाण्णवच आहे. मंगळवारचंच वजन लावलं तर आपण शंभरच्या आत. नोंदणीच नको.” मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण महापालिकेच्या गाडीने मोठ्या हॉटेलांचा ओला कचरा घेणं हळूहळू बंद केलं होतं. शंभरच्या आत आहोत असं कागदावर दाखवून रविवारी १८७ किलो घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? सातही दिवसांची वजनं अर्जाला जोडली.

तोलताना तीन वाटण्या केल्या होत्या. सरासरी १२७ पैकी ९८ किलो ओला, २२ किलो सुका आणि ७ किलो खोल्यांमधला बाकीचा कचरा. ओल्यातून नारळाच्या करवंट्या आणि हाडं बाजूला काढली, कारण ती पाच आठवड्यांत कुजत नाहीत. ती ८ किलो निघाली. खताला उरले ९० किलो. तळणीचं जुनं तेल या हिशेबात नाहीच. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाला जातं. तेल खड्ड्यात गेलं की कचऱ्यावर त्याचा लेप बसतो आणि हवा आत जात नाही.

आता आराखडा. पहिल्या अर्जात मी एका यंत्राचं माहितीपत्रक जोडलं होतं, ‘चोवीस तासांत खत’ असं सांगणारं. नंतर असं यंत्र वापरणाऱ्या एका हॉटेलवाल्याकडे गेलो. यंत्रातून निघालेली कोरडी तपकिरी भुकटी त्यांनी कुंडीत घातली होती. पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी तिला आंबट वास सुटला आणि पांढरी बुरशी आली. कारण सरळ आहे. यंत्राने कचरा तापवून वाळवला होता, कुजवला नव्हता. ओल मिळताच अन्न पुन्हा अन्नासारखंच सडायला लागलं. असं यंत्र वजन घटवतं, त्याचा तेवढा उपयोग आहे. पण खत व्हायला जिवाणूंना काही आठवडे द्यावेच लागतात.

म्हणून मी हौद निवडले. आणि इथे खरा हिशेब लागला, तो पाण्याचा.

हॉटेलच्या ओल्या कचऱ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. ९० किलोंत साडेसदुसष्ट किलो पाणी. कुजवणाऱ्या जिवाणूंना ओल हवी, पण हवाही हवी. ओल पन्नास ते साठ टक्क्यांच्या आसपास असली तर दोन्ही साधतं. त्याच्या फार वर गेली की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. शेजाऱ्यांची तक्रार येते ती याच टप्प्यावर. यावर उपाय म्हणजे वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा उसाचं चिपाड मिसळणं. ‘दहा टक्के घाला’ असं मला एका विक्रेत्याने सांगितलं होतं. करून पाहू. ९० किलोंत १० किलो भुसा घातला आणि भुशातलं किलोभर पाणी धरलं, तर १०० किलोंत साडेअडुसष्ट किलो पाणी. अजून चिखलच. २५ किलो घातला तर ११५ किलोंत ७० किलो, म्हणजे ६१ टक्के. तिथे काम चालू होतं. अशा मिसळण्याने कर्ब-नत्राचं प्रमाणही पंचवीस-तीसास एक या हव्या त्या टप्प्याकडे सरकतं, कारण भाजी-भाकरीत नत्र जास्त आणि पाल्यात कर्ब जास्त.

दिवसाला २५ म्हणजे महिन्याला ७५० किलो कोरडा माल. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा कळलं की कचऱ्याच्या हौदापेक्षा पाल्याची कोठी जास्त महत्त्वाची. पाला गळतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि सर्वांत जास्त लागतो पावसाळ्यात. चार महिन्यांचा साठा म्हणजे तीन टन, तोही कोरडा. म्हणून अर्जात पत्र्याच्या कोठीचा वेगळा नकाशा दिला. भुसा मात्र सॉमिलचाच. प्लायवूडच्या कारखान्यातला नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

हौदाचं माप आठवड्यावर बसवलं, दिवसावर नाही. रविवारी कचरा जास्त येतो, मंगळवारी कमी. हौद आठवड्यात एकदा भरायचा असेल तर हे चढउतार त्यातच जिरतात. फक्त रविवारी पाला जास्त घालायचा हे लक्षात ठेवावं लागतं. दिवसाला ११५ किलो म्हणजे आठवड्याला ८०५. एका घनमीटरात असं मिश्रण साधारण ४०० किलो मावतं, म्हणजे दोन घनमीटर जागा हवी. पाच फूट लांब, चार रुंद, चार उंच असा जाळीदार विटांचा हौद सव्वादोन घनमीटरांचा होतो. असे सहा. एक भरायचा, चार पिकत ठेवायचे आणि एक रिकामा, कालवताना माल पलटायला. सहा हौद आणि मधली फावड्याची जागा मिळून ३०० चौरस फूट लागले. त्यात तीन गाड्यांचं पार्किंग गेलं. घरात यावरून जितकं बोलणं झालं तितकं बाकी कशावरून झालं नाही.

अर्जातला मुख्य परिच्छेद असा उतरला:

“आमच्या आवारात दररोज सरासरी १२७ किलो कचरा निर्माण होतो (सात दिवसांची वजननोंद सोबत जोडली आहे). पैकी ९० किलो ओला कचरा २५ किलो वाळल्या पाल्यासह सहा हौदांत पाच आठवडे कुजवण्यात येईल व त्यानंतर चाळून तीन आठवडे छपराखाली मुरवण्यात येईल. हौदांतून गळणारे पाणी गटारात न सोडता टाकीत साठवून कोरड्या थरांवर परत शिंपडण्यात येईल. करवंट्या, हाडे, सुका कचरा व खोल्यांतील इतर कचरा आपण निर्देशित कराल त्या संस्थेकडे देण्यात येईल. लग्नसराईत ओला कचरा दिवसाला १५० किलोंच्या वर गेल्यास जास्तीचा भाग हौदांत मावणार नाही. तो शुल्क आकारून उचलण्यात यावा, ही विनंती.”

शेवटची दोन वाक्यं काढून टाका, असं दोघातिघांनी सुचवलं. कमतरता आपणहून कशाला लिहायची, असा त्यांचा मुद्दा होता. आरोग्य निरीक्षक पाहणीला आले तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्याच वाक्यांवर. म्हणाले, “हे लिहिलंत ते बरं केलंत. बाकीचे सगळे शंभर टक्के लिहितात आणि मे महिन्यात पोती नाल्यावर सापडतात.”

मान्यता फेब्रुवारीत मिळाली. दर महिन्याची वजननोंद पाठवायची, एवढी अट होती.

पहिला हौद बिघडलाच. चौथ्या दिवशी आंबूस-कुजका वास आला. आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनी मूठभर माल उचलून पिळला आणि बोटांतून पाण्याची धार लागली. हीच सगळ्यांत सोपी परीक्षा. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. रात्रीच्या पाळीत पाला मोजून घालत नव्हते, मूठभर भिरकावत होते. मग बादलीवर रेघ मारून दिली. अंड्यासारखा घाण वास म्हणजे हवा नाही, पलटा. मुतारीसारखा झोंबरा वास म्हणजे नत्र जास्त, पाला घाला. आणि वासच नाही पण ढीगही थंड, तर बहुधा तो सुकला आहे. लोखंडी पहार मध्यभागी दहा मिनिटं खुपसून ठेवायची. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही तर आत पंचावन्न-साठ अंश आहेत आणि काम नीट चाललं आहे. इतक्या उष्णतेत तीन दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं. कडेचा थर मात्र थंडच राहतो, म्हणून पलटताना कडेचा माल मध्ये घ्यायचा.

जे मला अर्ज लिहिताना सुचलं नव्हतं ते म्हणजे मीठ. खत तयार झाल्यावर प्रयोगशाळेत दिलं, तर विद्युतवाहकता ५.१ आली. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ४ ही मर्यादा आहे. भाजीच्या देठा-सालींत मीठ नसतं; ते येतं ताटातल्या उष्ट्यातून, लोणच्यातून, पापडातून. कुजताना वजन घटतं, मीठ तिथेच राहतं, म्हणून ते गाढ होत जातं. आता उष्टी ताटं आधी चाळणीवर निथळतात. त्याने मीठही कमी झालं आणि पालाही थोडा कमी लागू लागला. निथळलेला रस्सा चरबीच्या सापळ्यातून जातो, त्यामुळे सापळा पूर्वी महिन्यातून एकदा साफ करायचो, तो आता दर आठवड्याला करावा लागतो. पुढच्या नमुन्याला ३.६ आली. तरीही आमच्या भाजीवाल्या शेतकऱ्याला मी सांगून ठेवलं आहे की रोपवाटिकेत हे खत नुसतं वापरू नका, मातीत मिसळा. दिवसाला सुमारे तीस किलो निघतं. भाजी उतरवून रिकामा जाणारा त्याचाच टेम्पो ते घेऊन जातो.

यंदा जुलैत मात्र कोठीत पाणी शिरलं आणि निम्मा पाला भिजला. दोन आठवडे सॉमिलचा भुसा विकत आणला. त्या महिन्याच्या वजननोंदीत महापालिकेला तेही लिहून कळवलं. आता कोठीचा ओटा दोन फूट उचलला आहे.